मेडिक्लेमचा वाटा आणि हातात येणारा पगार

गट आरोग्य विमा ही एकच पॉलिसी असते आणि ती कंपनीच्या नावावर असते. कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय त्या पॉलिसीतले सभासद असतात. वर्षाचा प्रीमियम कंपनी एकरकमी भरते आणि विमा कंपनीला तेवढ्याशीच कर्तव्य असते. त्यातले किती रुपये कंपनीच्या खिशातून आले आणि किती कर्मचाऱ्यांच्या पगारातून, याची नोंद पॉलिसीच्या कागदावर सहसा कुठेही नसते. ही वाटणी कंपनी आणि कर्मचारी यांच्यातला आपसातला व्यवहार आहे. ती शोधायची तर नियुक्तिपत्राला जोडलेला पगाराचा तक्ता, एचआरचे धोरण आणि पगारपत्रक हे तीन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात.

भारतात 'मेडिक्लेम' हे नाव रुजले ते १९८६ साली सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी त्या नावाची पॉलिसी आणल्यापासून. आज नोकरदार माणूस गट विम्यालाही मेडिक्लेमच म्हणतो. या विम्याचा प्रीमियम कोणी किती भरायचा हे कोणताही सर्वसाधारण कायदा ठरवत नाही. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, मात्र तसे प्रमाण ठरलेले आहे. तिथे वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, आणि जुलै २०१९ पासून मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे असतात. वीस हजार वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून १५० रुपये जातात, मालक ६५० भरतो आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. पगार २१,००० च्या वर गेला की चालू अंशदान काळ संपल्यावर हे छत्र जाते आणि कर्मचारी कंपनीच्या मेडिक्लेमकडे येतो. तिथे टक्केवारी कंपनी ठरवते.

ठरवण्याच्या रीती साधारण तीन आहेत. पहिल्या रीतीत प्रीमियम पूर्णपणे कंपनीचा खर्च असतो आणि पगाराच्या तक्त्यात त्याचा उल्लेखही नसतो. दुसऱ्या रीतीत कंपनी भरत असलेली रक्कम सीटीसीमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात, धरलेली असते. ही रक्कम पगारपत्रकाच्या कपातींच्या रकान्यात दिसत नाही, कारण ती पगार बनण्याआधीच वेगळी काढलेली असते. तिसऱ्या रीतीत एकूण पगार मोजल्यावर प्रीमियमचा काही भाग उघडपणे कापला जातो. आईवडिलांच्या विम्यासाठी बहुधा हीच रीत वापरतात. पुष्कळ कंपन्यांत तिन्ही रीती एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीतला कर्मचारी उदाहरणादाखल घेता येईल. सीटीसी वर्षाला ७,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ६०,०००. मूळ वेतन ३०,०००. नोकरीचा देकार स्वीकारताना माणसाच्या डोक्यात साठ हजार हा आकडा बसतो. पण त्यातून आधी कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा निघतो. तो १५,००० च्या वेतनमर्यादेवर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये होतो. त्यानंतर मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के दराने ग्रॅच्युइटीची तरतूद, १,४४३ रुपये. तिसरी रक्कम मेडिक्लेमची. कंपनीने कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुले अशा कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण दिले आहे आणि त्यासाठी सीटीसीमध्ये वर्षाला १८,००० रुपये धरले आहेत, म्हणजे महिन्याला १,५००. या तिन्ही रकमा वजा केल्यावर पगारपत्रकाच्या डाव्या बाजूला एकूण पगार ५५,२५७ रुपये दिसतो.

आता उजव्या बाजूच्या कपाती. कर्मचाऱ्याचा स्वतःचा निर्वाह निधीचा वाटा १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २००, जो फेब्रुवारीत ३०० होतो. उत्पन्न नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने आयकर शून्य. इथपर्यंत हातात ५३,२५७ रुपये येतात. या कर्मचाऱ्याने आईवडिलांनाही विम्यात घेतले आहे. दोघांचा प्रीमियम ३६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८० असे मिळून ४२,४८० रुपये होतात. कंपनीच्या धोरणानुसार यातले निम्मे कंपनी सीटीसीबाहेरून देते आणि निम्मे कर्मचारी. त्याचा वाटा वर्षाला २१,२४०, महिन्याला १,७७०. ही कपात झाल्यावर बँकेत ५१,४८७ रुपये जमा होतात.

या कर्मचाऱ्याला विम्यासाठी आपले किती पैसे जातात असे विचारले तर तो १,७७० म्हणेल, कारण पगारपत्रकावर तेवढेच दिसतात. खरे उत्तर ३,२७० आहे. सीटीसीमधले १,५०० रुपये त्याच्याच मोबदल्यातून वळवलेले आहेत. त्यातही एक बारकावा आहे. सीटीसीमधला १८,००० चा आकडा बहुधा सरासरी काढून, गोल करून ठेवलेला असतो. अविवाहित कर्मचाऱ्याचे प्रत्यक्ष संरक्षण एका माणसाचे असते, तरी त्याच्या तक्त्यातही तेच १८,००० असू शकतात. हे बेकायदा नाही. मात्र नोकरी बदलताना दोन देकारांची तुलना करणाऱ्याने मेडिक्लेम सीटीसीच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सीटीसीचे आकडे सारखे असूनही हातात येणाऱ्या पगारात महिन्याला दीड हजारांचा फरक एवढ्या एका गोष्टीने पडतो.

कपात कोणत्या महिन्यांत होते यालाही महत्त्व आहे. विमा कायद्याच्या कलम ६४-व्हीबी नुसार प्रीमियम हातात पडल्याशिवाय विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. म्हणून कंपनी विमा कंपनीकडे आगाऊ रक्कम ठेवते आणि नवे सभासद येतील तसा त्यांचा प्रीमियम त्यातून वळता होतो. कर्मचाऱ्याचा वाटा कंपनी नंतर पगारातून वसूल करते. सरळ भाषेत, कंपनीने ती रक्कम त्याला उसनी दिलेली असते. काही ठिकाणी ही वसुली बारा महिन्यांत होते, काही ठिकाणी तीन महिन्यांत. वरच्या कर्मचाऱ्याचे २१,२४० रुपये तीन महिन्यांत कापले, तर महिन्याला ७,०८० जातील आणि त्या तीन महिन्यांत हातात ४६,१७७ रुपयेच येतील. नंतरचे नऊ महिने ५३,२५७. वर्षाचा हिशेब तोच राहतो, पण घराचा हप्ता आणि शाळेची फी सांभाळणाऱ्या घराला ते तीन महिने जड जातात. नावनोंदणीच्या अर्जावर वसुली किती महिन्यांत होणार हे लिहिलेले असते. तिथे बहुतेकांचे लक्ष फक्त संरक्षणाच्या रकमेकडे जाते.

जीएसटीचा भाग अलीकडे बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीने स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी घेतलेल्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी माफ झाला. गट विम्याला ही माफी मिळाली नाही. तिथे १८ टक्के कायम आहेत. कायद्याने सक्ती नसलेल्या आरोग्य विम्यावरच्या कराची परतफेड कंपनीलाही सर्वसाधारणपणे मिळत नाही. त्यामुळे हा कर प्रीमियमसारखाच वाटला जातो आणि आपल्या उदाहरणातल्या कर्मचाऱ्याच्या १,७७० मध्ये २७० रुपये कराचे आहेत. पगारातून वसूल केलेल्या वाट्यावर कंपनीने पुन्हा जीएसटी लावायचा का, हा वेगळा प्रश्न. जोतुन इंडिया या कंपनीच्या अर्जावर महाराष्ट्राच्या जीएसटी अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०१९ मध्ये तो तपासला. आईवडिलांच्या विम्याचा निम्मा प्रीमियम कर्मचाऱ्यांकडून वसूल करणे हा सेवापुरवठा नाही, असे उत्तर मिळाले. असा निर्णय कायद्याने फक्त अर्जदारापुरता बंधनकारक असतो, पण त्यामागचे तर्कशास्त्र स्वच्छ आहे. विमा विकणे हा त्या कंपनीचा धंदाच नाही.

आयकराच्या बाबतीत वाटणीला असा एक पैलू आहे, जो वरवर पाहता लक्षात येत नाही. कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा प्रीमियम मालकाने भरला, तर ती रक्कम कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न धरली जात नाही. करप्रणाली जुनी असो वा नवी, ही सवलत दोन्हीकडे आहे. तीच रक्कम पगारातून कापली गेली, तर ती आधी उत्पन्न म्हणून मोजली जाते आणि मग खर्च होते. जुन्या प्रणालीत कलम ८०-डी खाली तिची वजावट मिळते. स्वतः, जोडीदार आणि मुलांसाठी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत, आणि आईवडिलांसाठी आणखी २५,०००, ते साठीच्या पुढचे असतील तर ५०,०००. नव्या प्रणालीत ही वजावट नाही.

म्हणजे नव्या प्रणालीतल्या पगारदारासाठी एक रुपया कोणत्या रकान्यातून जातो यावर त्याची किंमत ठरते. ज्याचे करपात्र उत्पन्न वर्षाला २४ लाखांच्या वर आहे, त्याला २०२५-२६ च्या दरांनुसार वरच्या रकमेवर उपकरासह ३१.२ टक्के कर लागतो. त्याच्या सीटीसीमधले १८,००० रुपये मालकाचा प्रीमियम म्हणून गेले, तर त्यांवर कर नाही. तेच १८,००० पगार म्हणून देऊन पुन्हा कापून घेतले, तर वर्षाला ५,६१६ रुपये जादा कर बसतो, महिन्याला ४६८. सीटीसीत धरलेल्या प्रीमियमबद्दल कर्मचारी नाराज असतात आणि त्यामागे कारणही आहे, पण करापुरते पाहिले तर उघड कपातीपेक्षा तीच मांडणी त्यांच्या फायद्याची आहे. पुण्याच्या उदाहरणातल्या कर्मचाऱ्याला मात्र यातले काहीच जाणवणार नाही. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही आणि ज्याला करच नाही त्याला वाचवायलाही काही नाही.

सासूसासऱ्यांचा विमा इथे अडचणीचा ठरतो. पुष्कळ गट पॉलिसींत आईवडिलांऐवजी सासूसासऱ्यांना घेता येते. पण ८०-डीची वजावट स्वतःच्या आईवडिलांपुरतीच आहे. त्यामुळे जुन्या प्रणालीतल्या कर्मचाऱ्याने सासूसासऱ्यांसाठी भरलेला वाटा पगारातून पूर्ण कापला जातो आणि वजावटीत मात्र त्याचा एक रुपयाही धरला जात नाही.

वाटणीची खरी कसोटी नूतनीकरणाच्या वेळी लागते. गट विम्याचा प्रीमियम मुख्यतः त्या गटाच्या मागच्या दाव्यांवरून ठरतो. समजा एका कंपनीने वर्षाला ४० लाख प्रीमियम भरला आणि त्या वर्षात ४४ लाखांचे दावे आले. उपचार महाग होतील म्हणून विमा कंपनी त्यात दहा टक्के मिळवते, म्हणजे पुढच्या वर्षीचे अपेक्षित दावे ४८.४ लाख. दावे प्रीमियमच्या ८० टक्क्यांत बसावेत, उरलेल्या वीस टक्क्यांत कामकाजाचा खर्च आणि नफा निघावा, असा तिचा हिशेब असेल तर नवा भाव ६०.५ लाखांचा येतो. वाढ पन्नास टक्क्यांच्या वर. दरांची घासाघीस होते, दुसऱ्या विमा कंपन्यांकडून भाव मागवले जातात, तरी वाढ पूर्णपणे टळत नाही. दाव्यांत आईवडिलांचा वाटा बहुधा सर्वात मोठा असतो. म्हणून वाढीचा भारही त्यांच्याच प्रीमियमवर जास्त पडतो.

आता ही वाढ कोणाच्या अंगावर जाते हे धोरणातल्या एका शब्दावर अवलंबून असते. कंपनीचा वाटा टक्केवारीत लिहिला आहे की ठरावीक रुपयांत? वरच्या कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचा प्रीमियम करासह ४२,४८० वरून ५४,००० झाला असे धरू. ही वाढ २७ टक्क्यांची. धोरण निम्मे-निम्मे असेल, तर त्याचा वाटा २७,००० होतो, महिन्याला २,२५०, म्हणजे आधीपेक्षा ४८० रुपये जास्त. पण धोरणात 'कंपनी २१,२४० रुपये देईल' असे लिहिले असेल, तर कंपनीचा वाटा जागेवर राहतो आणि कर्मचाऱ्याला ३२,७६० भरावे लागतात. महिन्याला २,७३०, म्हणजे ९६० रुपये जास्त. प्रीमियम २७ टक्क्यांनी वाढला आणि कर्मचाऱ्याचा बोजा ५४ टक्क्यांनी. पहिल्या वर्षी दोन्ही धोरणांत त्याच्या पगारातून अगदी सारखी रक्कम जात होती. फरक दुसऱ्या वर्षी उघड झाला, आणि पुढे दर वाढीबरोबर तो रुंदावत जातो. ठरावीक रकमेचा नियम कंपनीला तिचा खर्च आधीच कळावा म्हणून सोयीचा आहे. पण भाववाढीची सगळी जोखीम तो गुपचूप कर्मचाऱ्याकडे सरकवतो, आणि हे नावनोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगितले जायला हवे.

त्यातच वेळापत्रक जुळत नाही. पगारवाढ बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये होते आणि पॉलिसीचे नूतनीकरण वर्षात कधीही. एप्रिलमध्ये दोन हजारांनी वाढलेला पगार जुलैत पुन्हा हजाराने घटलेला दिसला, तर त्यामागे हेच कारण असू शकते.

काही कंपन्या पगारातली कपात वाढू नये म्हणून वेगळा मार्ग काढतात. त्या आईवडिलांच्या दाव्यांवर सहभाग अट घालतात, जिला को-पे म्हणतात. वीस टक्के को-पे असेल, तर दोन लाखांच्या मान्य बिलातले ४०,००० रुपये कर्मचाऱ्याने रुग्णालयात भरायचे. प्रीमियम कमी राहतो, पगारपत्रक शाबूत दिसते, पण वाटणी झालेलीच असते. फक्त ती सगळ्यांच्या पगारातून थोडी थोडी न होता ज्याच्या घरी आजारपण आले त्याच्या खिशातून एकदम होते. महिन्याचे शंभर-दोनशे रुपये वाचवणारा हा पर्याय म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात महागात पडू शकतो. तरीही गट विम्याचा एक मोठा गुण लक्षात ठेवायला हवा. बहुतेक गट पॉलिसींत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि वैद्यकीय तपासणी लागत नाही. मधुमेह असलेल्या सत्तर वर्षांच्या वडिलांना वैयक्तिक पॉलिसी घ्यायची तर जास्त दर, प्रतीक्षा काळ किंवा थेट नकार यांना तोंड द्यावे लागते. १,७७० च्या कपातीची तुलना या गोष्टींशी करावी लागते.

कपातीत चुका होतात त्या ठरावीक जागी. सर्वात वाईट चूक म्हणजे पगारातून पैसे कापले जातात, पण नाव विमा कंपनीच्या यादीत चढलेले नसते. पगार एक विभाग पाहतो आणि सभासदांची यादी दुसरा विभाग पाठवतो, त्यामुळे हे घडते. रुग्णालयात दाखल होईपर्यंत कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. पहिली कपात झाली की त्याच महिन्यात प्रत्येक सभासदाचे ई-कार्ड उतरवून नाव, जन्मतारीख आणि नाते तपासणे हा यावरचा साधा उपाय. कार्ड निघत नसेल, तर नाव यादीत नाही असेच समजून एचआरकडे लेखी विचारणा करावी. दुसरी चूक दुहेरी वसुलीची. मूळ कुटुंबाचा प्रीमियम सीटीसीत धरलेला असूनही पगारपत्रकावर पुन्हा 'जीएमसी' किंवा 'मेडिक्लेम रिकव्हरी' अशी ओळ येते. ती ओळ आईवडिलांच्या वाट्याएवढीच आहे ना, हे बाराने गुणून अर्जावरच्या रकमेशी ताडून पाहिले की कळते. बाळाचा जन्म किंवा लग्न झाल्यावर नाव ठरलेल्या मुदतीत, बहुधा तीस दिवसांत, कळवावे लागते. मुदत चुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते.

वर्षाच्या मध्ये नोकरी सोडताना हिशेब पुन्हा समोर येतो. पॉलिसी १ जुलैला सुरू झाली आणि वरच्या कर्मचाऱ्याने ३० नोव्हेंबरला नोकरी सोडली असे धरू. पाच महिन्यांत त्याच्याकडून ८,८५० रुपये वसूल झाले आहेत. उरलेले १२,३९० कंपनी अखेरच्या हिशेबात एकदम कापू शकते, कारण विमा कंपनीला तिने वर्षाचे पैसे आधीच दिलेले असतात. संरक्षण मात्र सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. आईवडिलांच्या नावावर त्या वर्षी दावा झालेला नसेल, तर उरलेल्या काळाचा प्रीमियम विमा कंपनी बहुधा परत करते. पण तो कंपनीच्या आगाऊ खात्यात जमा होतो. त्यातला कर्मचाऱ्याचा हिस्सा त्याला द्यायचा की नाही हे कंपनीच्या धोरणावर सोडलेले असते. म्हणून राजीनाम्याबरोबरच या परताव्याची लेखी मागणी करावी. दावा झालेला असेल, तर परतावा सहसा मिळत नाही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोयही आहे. त्यासाठीचा अर्ज संरक्षण संपण्याआधी करावा लागतो. तो मंजूर झाला की पूर्ण प्रीमियम एकट्या कर्मचाऱ्याचा, जीएसटीशिवाय, आणि पगारपत्रकाच्या बाहेर.